ठरवलेल्या वेगासाठी पेडल किती फिरवावे: निवडलेल्या गिअरमधला केडन्स काढण्याची आणि पडताळण्याची पद्धत

नाशिकहून त्र्यंबकेश्वरपर्यंत सायकलने जाण्याची तयारी करणारे अनेक जण एकच प्रश्न घेऊन येतात: ताशी २४ किलोमीटरचा वेग टिकवायचा असेल तर पेडलचे मिनिटाला किती फेरे व्हायला हवेत? मिनिटाला होणाऱ्या या फेऱ्यांनाच केडन्स म्हणतात. बहुतेकांनी उत्तर आधीच काढलेले असते आणि ते चुकलेले असते. चूक गुणाकार-भागाकारात क्वचितच असते. कोणी गिअरचा क्रमांक दात्यांची संख्या समजून वापरतो, कोणी टायरवर छापलेला आकडाच चाकाचा व्यास धरतो, तर कोणी दोन्ही पायांचे दाब मोजून दुप्पट केडन्स सांगतो.

याहून खोल असा एक गैरसमज सुरुवातीलाच दूर केला पाहिजे. चढावर किंवा समोरून वारा असताना त्याच गिअरमध्ये तोच वेग ठेवायला ‘जास्त केडन्स लागतो’ असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. साखळी दात्यांवरून घसरत नाही, त्यामुळे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाणार हे दाते आणि चाक या दोनच गोष्टींनी ठरते. वारा, चढ आणि सामानाचे वजन यांनी पायावरचा जोर बदलतो, फेऱ्यांची संख्या नाही. म्हणून ‘किती केडन्स लागेल’ आणि ‘तो मला झेपेल का’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत आणि याच क्रमाने सोडवावेत. खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत.

## तयारी

खडू, पाच मीटरची टेप, कागद-पेन, टायरमधली हवा मोजता येईल असा पंप आणि थांबवता येणारे घड्याळ एवढे पुरेसे आहे. मदतीला एक माणूस हवा, कारण दुसरा टप्पा एकट्याने नीट होत नाही. केडन्स मोजणारे यंत्र असण्याची गरज नाही. ते असले तरी पाचव्या टप्प्यातली पडताळणी सोडू नये.

उदाहरण म्हणून आमच्या वसाहतीतल्या एका शिक्षिकेची हायब्रिड सायकल घेतो. तिला पुढे तीन आणि मागे आठ चकत्या आहेत आणि टायर ७०० × ३५ मापाचे आहेत. शहराबाहेर पडल्यावर सपाट भागात ताशी २४ किलोमीटरचा वेग धरून ठेवणे हे त्यांचे लक्ष्य होते.

## टप्पा १: दाते प्रत्यक्ष मोजा

हँडलवरच्या खटक्यावर ‘२’ आणि ‘४’ दिसत असेल, तर तो फक्त चकतीचा क्रमांक असतो आणि गणितात त्याचा काहीही उपयोग नाही. आपल्याला पुढच्या चकतीचे आणि मागच्या चकतीचे दाते हवे आहेत. दात्यांची संख्या चकत्यांवर अनेकदा कोरलेली असते, पण मागच्या बाजूला ती वंगणाखाली दडलेली असते. म्हणून कापडाने पुसून घ्यावे, एका दात्यावर खडूची खूण करावी आणि त्या खुणेपासून सुरुवात करून पुन्हा तिथेच येईपर्यंत एकेक दाता मोजावा. खुणेचा दाता शेवटी पुन्हा मोजू नये, कारण एका दात्याची चूक बहुतेक वेळा तिथेच होते.

या सायकलच्या पुढच्या चकत्या ४८, ३८ आणि २८ दात्यांच्या निघाल्या. मागच्या चकत्या लहानीकडून मोठीकडे ११, १३, १५, १८, २१, २४, २८ आणि ३२ अशा होत्या. त्यांनी पुढची मधली, म्हणजे ३८ दात्यांची, आणि मागची १८ दात्यांची चकती निवडली. या जोडीत साखळी जवळपास सरळ रेषेत चालते. पुढची सर्वांत मोठी आणि मागचीही सर्वांत मोठी, किंवा दोन्हीकडे सर्वांत लहान, अशा जोड्यांमध्ये साखळी तिरपी ओढली जाते. असा गिअर लांब पल्ल्यासाठी निवडू नये.

सावधान: मागच्या चकत्या मोजताना त्यांचा क्रम सर्वांत लहान चकतीकडून लावायचा की मोठीकडून, हे कागदावर लिहून ठेवा. खटक्यावरचा ‘१’ साधारणपणे मागच्या सर्वांत मोठ्या चकतीसाठी असतो. त्यामुळे उलट क्रम लावणाऱ्यांचा सगळा हिशेब भलत्याच चकतीवर बसतो.

तपासणी: सायकल स्टँडवर उभी करून निवडलेला गिअर लावा आणि साखळी खरोखर त्याच दोन चकत्यांवर बसली आहे का, हे वाकून डोळ्यांनी पाहा.

## टप्पा २: मागच्या चाकाचा परीघ जमिनीवर मोजा

साखळी मागचे चाक फिरवते, म्हणून मागचेच चाक मोजायचे. टायरवरच्या ‘७००’ या आकड्याला मिलिमीटरमधला व्यास समजू नये, कारण ते टायरच्या वर्गाचे पारंपरिक नाव आहे. रिमवर जिथे टायर बसतो तिथला व्यास ६२२ मिलिमीटर असतो आणि टायरची जाडी त्यात दोन्ही बाजूंनी मिळते. त्यामुळे तेच ‘७००’ नाव असलेल्या अरुंद आणि रुंद टायरांचे परीघ वेगवेगळे निघतात.

मोजण्याची रीत सोपी आहे. नेहमी चालवताना ठेवता तेवढीच हवा टायरमध्ये भरा. व्हॉल्व्ह अगदी खाली आणून त्याच्यासमोर जमिनीवर खडूने रेघ ओढा. आता सायकलवर बसा, दोन्ही पाय पेडलवर ठेवा आणि मदतनीसाला सायकल धरून सरळ रेषेत हळू ढकलायला सांगा. व्हॉल्व्ह दुसऱ्यांदा अगदी खाली आला की तिथे दुसरी रेघ ओढायला लावा. दोन रेघांमधले अंतर मोजून त्याला दोनाने भागा. दोनच फेरे घेण्याचे कारण असे की तीन फेऱ्यांचे अंतर पाच मीटरच्या टेपमध्ये मावत नाही, आणि टेप दोनदा लावली की मापात चूक शिरते.

या सायकलीचे दोन फेऱ्यांचे अंतर ४.३० मीटर भरले, म्हणजे परीघ २.१५ मीटर. त्याच चाकावर कोणी न बसता मोजले तेव्हा ४.३३ मीटर आले होते. वजनाने टायर किंचित दबतो, तेवढाच हा फरक. तो एक टक्क्याहूनही कमी आहे आणि शेवटच्या उत्तरात त्याने एका फेऱ्याचाही फरक पडत नाही. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण काही जण परीघाचा मिलिमीटर शोधण्यात अर्धी सकाळ घालवतात आणि दाते मात्र अंदाजाने लिहितात. मागे १८ ऐवजी १७ दाते धरले तर लागणारा केडन्स ८८ ऐवजी ८३ निघतो आणि ताशी जवळजवळ दीड किलोमीटरचा वेग हातातून जातो. काळजी कुठे जास्त घ्यायची ते यावरून ठरवावे.

तपासणी: टायर न धरता फक्त ६२२ मिलिमीटरच्या व्यासावरून परीघ काढला तर तो १.९५ मीटर येतो. तुमचे माप त्याच्या आसपास येत असेल, तर तुम्ही रिम मोजला आहे किंवा फेरा पूर्ण होण्याआधीच रेघ ओढली आहे.

## टप्पा ३: पेडलच्या एका फेऱ्यात कापले जाणारे अंतर काढा

पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागले की पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक किती वेळा फिरते ते कळते. त्याला परीघाने गुणले की अंतर मिळते.

एका फेऱ्याचे अंतर = परीघ × पुढचे दाते ÷ मागचे दाते

आपल्या उदाहरणात ३८ ला १८ ने भागल्यावर २.११ येतात, आणि २.१५ मीटरने गुणल्यावर ४.५४ मीटर. म्हणजे पेडलचा एक पूर्ण फेरा झाला की सायकल साडेचार मीटरपेक्षा किंचित जास्त पुढे सरकते.

भागाकार उलटा होणे ही इथली नेहमीची चूक आहे. सपाट रस्त्यावर वापरायच्या गिअरमध्ये पुढचे दाते मागच्यापेक्षा जास्त असतात, त्यामुळे उत्तर परीघापेक्षा मोठे यायलाच हवे. ते लहान आले तर आकडे उलटे झाले आहेत असे समजावे. फक्त तीव्र चढासाठीच्या अगदी हलक्या गिअरमध्ये, जसे पुढे २८ आणि मागे ३२, ते खरोखरच लहान येते.

मागच्या चाकाच्या तुंब्यातच गिअर असलेल्या सायकलींसाठी हे गणित अपुरे आहे. तिथे आलेल्या उत्तराला त्या अंतर्गत गिअरच्या गुणोत्तरानेही गुणावे लागते.

## टप्पा ४: वेग मिनिटावर आणा आणि भागा

वेग तासाचा असतो आणि केडन्स मिनिटाचा, त्यामुळे आधी दोन्ही एका मापावर आणावे लागतात. ताशी २४ किलोमीटर म्हणजे तासाला २४,००० मीटर, म्हणजेच मिनिटाला ४०० मीटर. आता,

केडन्स = मिनिटाला कापायचे अंतर ÷ एका फेऱ्याचे अंतर

४०० ला ४.५४ ने भागल्यावर ८८ येतात. म्हणजे ३८ आणि १८ च्या जोडीवर ताशी २४ किलोमीटरसाठी पेडलचे मिनिटाला ८८ फेरे व्हायला हवेत. याच चाकावर मागची १५ दात्यांची चकती लावली तर ७३ फेरे पुरतात आणि २१ दात्यांची लावली तर १०३ लागतात. शेजारच्या या दोन चकत्यांचे आकडेही आत्ताच लिहून ठेवा, कारण शेवटच्या टप्प्यात त्यांची गरज पडेल.

इथे लक्ष्य वेगाबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. ‘२८ किलोमीटर ७० मिनिटांत’ असा हिशेब करून ताशी २४ चा आकडा काढला असेल, तर त्यात थांबणे धरलेले नाही. सिग्नल, पाणी पिणे आणि रस्ता ओलांडणे यांत सहा मिनिटे गेली, तर उरलेल्या ६४ मिनिटांत तेच अंतर कापायला ताशी २६ किलोमीटरच्या वर वेग लागतो आणि याच गिअरमध्ये केडन्स ९६ वर जातो. म्हणून सूत्रात नेहमी सायकल चालू असतानाचा वेग घालावा, प्रवासाची सरासरी नाही.

सावधान: केडन्स म्हणजे एकाच पायाचे पूर्ण फेरे. उजवा पाय खाली गेला की एक, आणि तोच पुन्हा खाली आला की दोन. दोन्ही पायांचे दाब मोजले तर १७६ येतील आणि उत्तर दुप्पट वाटेल.

## टप्पा ५: एक किलोमीटर चालवून उत्तर पडताळा

घाई करणारे नेमका हाच टप्पा सोडतात, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे. घरी काढलेला आकडा खरा आहे का, हे रस्ताच सांगतो, आणि त्यासाठी वेग मोजण्याचीही गरज नसते. एका फेऱ्यात ४.५४ मीटर कापले जात असतील, तर एका किलोमीटरला १००० भागिले ४.५४, म्हणजे २२० फेरे लागले पाहिजेत. हळू चालवा किंवा जोरात, हा आकडा बदलत नाही.

त्र्यंबक रस्त्यावर किंवा गंगापूर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे, वाहतूक वाढण्याआधी, किलोमीटरचे दगड असलेला सपाट आणि सरळ तुकडा निवडा. पहिल्या दगडाच्या थोडे आधीपासून निवडलेल्या गिअरमध्ये चालवत या. दगड ओलांडताच उजव्या पायाचे फेरे मोजायला लागा आणि दर दहा फेऱ्यांना हँडलवरचे एक बोट पुढे सरकवा. पुढच्या दगडापर्यंत बोटांची बावीस पावले व्हायला हवीत. या काळात पेडल क्षणभरही थांबवायचे नाही, कारण फ्रीव्हीलमुळे पाय स्थिर असतानाही सायकल पुढे जाते आणि ते अंतर मोजणीत येत नाही.

दोन-तीन फेऱ्यांचा फरक चालतो, कारण सायकल काटेकोर सरळ कधीच जात नाही आणि दगडही अगदी नेमक्या अंतरावर असतीलच असे नाही. म्हणूनच दोन लागोपाठच्या किलोमीटरांवर मोजून सरासरी घ्यावी. फरक मोठा असेल, तर चूक कुठे झाली हेही तो दाखवतो. शिक्षिकाबाईंना पहिल्या खेपेस २०८ फेरे मिळाले. मागची चकती १७ दात्यांची असती तरी हेच उत्तर आले असते, त्यामुळे आधी दात्यांवर संशय गेला. पण दाते पुन्हा मोजल्यावर १८ च निघाले. मग दुसरी खेप केली, तेव्हा एका वळणाजवळ त्या नकळत काही सेकंद पाय थांबवत होत्या हे लक्षात आले. पाय न थांबवता मोजल्यावर २१९ आले. दोन्ही खेपांना एकच चुकीचा आकडा आला असता, तर दोष दात्यांत किंवा परीघात असता. दर खेपेस आकडा बदलत असेल, तर दोष पाय थांबवण्यात किंवा मोजण्यात असतो.

सायकलला वेगमापक यंत्र असेल, तर त्यात चाकाचा परीघ मिलिमीटरमध्ये भरावा लागतो, इथे `2150`. चुंबकाची जोडणी पुढच्या चाकाला असेल, तर पुढचे चाक वेगळे मोजून त्याचा आकडा भरा. दुकानातून आलेला मूळ आकडा तसाच राहिला, तर वेग चुकीचा दिसतो आणि दोष बरोबर काढलेल्या केडन्सवर जातो.

## टप्पा ६: ८८ हा आकडा पायात बसवा

आता त्याच तुकड्यावर वेगासह चालवायचे. ताशी २४ किलोमीटरला एक किलोमीटर कापायला २ मिनिटे ३० सेकंद लागतात. २२० फेरे आणि अडीच मिनिटे, म्हणजे मिनिटाला ८८. दोन दगडांमधला वेळ अडीच मिनिटे आला आणि फेरेही जुळले, तर यंत्राशिवाय केडन्स आणि वेग दोन्ही पक्के झाले.

सायकल चालवताना केडन्स मोजण्यासाठी १५ सेकंदांतले उजव्या पायाचे फेरे मोजून चारने गुणण्याची सवय असते. ८८ साठी १५ सेकंदांत २२ फेरे व्हायला हवेत. पण मोजताना एका फेऱ्याची चूक झाली, तर ती चौपट होऊन चार फेऱ्यांची होते, आणि आपल्या गिअरमध्ये एक फेरा म्हणजे ताशी सुमारे ०.२७ किलोमीटर. म्हणजे वेगाचा अंदाज ताशी एका किलोमीटरने चुकतो. म्हणून ही छोटी मोजणी केवळ लय सुधारण्यासाठी वापरावी, आणि खात्रीसाठी पूर्ण मिनिट मोजावे.

लय अंगवळणी पाडायला घरी तालयंत्राचे ॲप उपयोगी पडते. ठोका मिनिटाला ८८ वर ठेवून, सायकल स्टँडवर किंवा ट्रेनरवर असताना, प्रत्येक ठोक्याला उजवा पाय खाली येईल असे दहा मिनिटे फिरवावे. रस्त्यावर कानात ठोका लावून चालवू नये. मागून येणाऱ्या वाहनाचा आवाज ऐकू येणे अधिक गरजेचे आहे.

## टप्पा ७: झेपते का ते पाहा आणि गरजेनुसार चकती बदला

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. ८८ फेरे बरोबर आहेत म्हणून ते तुम्हाला तासभर टिकवता येतीलच असे नाही. सलग दहा मिनिटे त्याच गिअरमध्ये, त्याच वेगाने चालवा आणि शरीराकडे लक्ष द्या. सीटवर कंबर उसळायला लागली आणि श्वास आधी फुलला, तर फेरे तुमच्या सवयीपेक्षा जास्त आहेत. श्वास ठीक आहे, पण मांड्या आणि गुडघे जड होऊन वेग हळूहळू घसरतो आहे, तर जोर जास्त पडतो आहे आणि गिअर तुमच्यासाठी जड आहे. मात्र कंबर उसळण्याचे कारण कधीकधी उंच सीट हेही असते. म्हणून फेरे कमी करण्याआधी सीटची उंची पाहून घ्यावी.

उपाय करताना वेग तोच ठेवून चकती बदलायची. फेरे जास्त वाटत असतील तर १५ ची चकती आणि ७३ फेरे, जोर जास्त वाटत असेल तर २१ ची चकती आणि १०३ फेरे. वेग दोन्हीत ताशी २४ च राहतो, आणि सपाटीवर लागणारी ताकदही साधारण तेवढीच राहते. फक्त तिचे वाटप जोर आणि फेरे यांत वेगळे होते. ७३ वर जड आणि १०३ वर उसळणारे, असे दोन्हीकडे अडत असेल, तर चकत्या बदलून काही होणार नाही. अशा वेळी लक्ष्य वेगच सध्या जास्त आहे असे समजून तो ताशी २० वर आणावा. मग ३८ आणि १८ वर ७३, आणि ३८ आणि २१ वर ८६ फेरे लागतात.

वारा आणि चढ यांचा विचार इथे करायचा, आधी नाही. त्र्यंबकेश्वर नाशिकपेक्षा उंचावर आहे आणि पावसाळ्यात पश्चिमेकडचा वारा जाताना समोरून येतो. त्यामुळे येताना सहज टिकणारे ८८ फेरे जाताना टिकत नाहीत आणि अनेकांना आपले गणित चुकल्यासारखे वाटते. गणित तेच असते, वेग कमी झालेला असतो. समजा एका चढावर वेग ताशी १५ किलोमीटरवर, म्हणजे मिनिटाला २५० मीटरवर आला. त्याच गिअरमध्ये राहिलात तर केडन्स ५५ वर येतो आणि गुडघ्यांवर ताण पडतो. पुढची २८ दात्यांची चकती लावून मागे १८ च ठेवली तर केडन्स ७५ होतो, आणि मागे २१ लावली तर ८७, म्हणजे पायाला सवय असलेल्या लयीजवळ. गिअर चढ सुरू होण्याआधी बदलावा. पूर्ण जोर पडत असताना पुढची चकती बदलली तर साखळी अडकते किंवा उतरते.

शिक्षिकाबाईंनी हे आकडे एका कागदाच्या पट्टीवर लिहून हँडलच्या नळीवर पारदर्शक चिकटपट्टीखाली लावले आहेत. त्यावर ताशी २४ साठी १५, १८ आणि २१ च्या चकत्यांचे ७३, ८८ आणि १०३, आणि चढासाठी ताशी १५ चे दोन आकडे, एवढेच आहे. दुसऱ्या मापाचे टायर बसवले तर टप्पा २ पासून, आणि मागचा चकत्यांचा संच किंवा पुढची चकती बदलली तर टप्पा १ पासून पुन्हा सुरुवात करून ही पट्टी नव्याने लिहावी. झिजलेल्या साखळीबरोबर दुकानदाराने चकत्यांचा संचही बदलला असेल, तर दात्यांची संख्या तीच आहे का, हे सायकल ताब्यात घेतानाच मोजून पाहावे.